कबड्डीच्या अंगणाचा फोटो कसा वाचायचा: निदान, बोनस आणि लॉबी

माझी भाची अकरावीत गेली आणि कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघात शिरली. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे अंगण आखायचं काम आलं, कारण नवीन मुलींच्या वाट्याला तेच येतं. मैदानावरच्या खोलीत भिंतीला अंगणाची रंगवलेली आकृती होती. तिने मोबाइलवर त्या आकृतीचा फोटो काढला, त्यातले आकडे बघून टेप लावली आणि फक्की मारून टाकली. दोन दिवसांनी फोन आला, "मामा, कितीही लांब पाय टाकला तरी आमच्यापैकी कुणालाच बोनस मिळत नाही. पाऊल बोनसच्या पलीकडे पडेपर्यंत कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर बसलेली असते."

मी तो फोटो मागवला. आकृती बरोबर होती, पण पुरुषांच्या अंगणाची. कॉलेजचं अंगण मुलींचं. १२ बाय ८ च्या चौकटीत तिने १३ बाय १० च्या रेषा मारल्या होत्या. चूक कशी सापडली ते पुढे येईलच. त्या निमित्ताने तिला फोनवर जे समजावलं, ते इथे सगळं लिहून काढतो आहे. तुमच्याकडेही पुस्तकातल्या, फलकावरच्या किंवा कुणी पाठवलेल्या आकृतीचा असाच एखादा फोटो असेल, तर तो शेजारी उघडून ठेवा आणि वाचा.

आधी मध्यरेषा शोधा

आकृती आडवी असो वा उभी, सगळ्यात आधी मधोमध जाणारी आणि अंगणाचे दोन सारखे भाग करणारी रेषा शोधायची. ती मध्यरेषा. पुढचं प्रत्येक अंतर तिच्यापासून मोजतात, टोकाकडून नाही. नवखा माणूस टोकाकडून मोजतो आणि तिथेच फसतो, कारण निदान रेषा मध्यरेषेपासून किती लांब हे ठरलेलं असतं आणि टोकाकडे उरेल तेवढं उरतं.

मध्यरेषा सापडली की एक अर्धा भाग हाताने झाकून टाका. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या एकसारख्या असतात. एक कळली की दुसरी कळली. दोन्ही एकदम बघायला गेलं की रेषाच रेषा दिसतात आणि डोकं गरगरतं.

उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागात मध्यरेषेकडून टोकाकडे जाताना क्रमाने तीन रेषा लागतात: निदान रेषा, बोनस रेषा आणि अंतिम रेषा. या तिन्ही मध्यरेषेला समांतर असतात. यांना काटकोनात जाणाऱ्या, अंगणाच्या लांबीभर पळणाऱ्या दोन रेषा दिसतील. त्यांच्या बाहेरच्या अंगाला जो चिंचोळा पट्टा आहे, ती लॉबी. मराठी पुस्तकांत तिला राखीव क्षेत्र म्हणतात, पण मैदानावर सगळे लॉबीच म्हणतात. बहुतेक आकृत्यांत मध्यरेषा लॉबीसकट पूर्ण रुंदीभर जाते, तर निदान आणि बोनस रेषा लॉबीपाशी थांबतात. फोटोत रेषांची नावं वाचता येत नसतील तर ही खूण उपयोगी पडते.

अंतिम रेषेच्या मागे, २ मीटर अंतरावर, एक वेगळी पट्टी काढलेली असेल. ती बाद झालेल्या खेळाडूंना बसायची जागा. खेळाशी तिचा तेवढाच संबंध, तेव्हा ती सोडून द्या.

आकडे कुणाचे आहेत ते बघा

आता त्या फोटोतली चूक. पुरुषांचं अंगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एका बाजूला साडेसहा मीटर खोली मिळते. त्यात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर. बेरीज करा: साडेसहा भरतात.

महिलांचं अंगण १२ बाय ८. एका बाजूला ६ मीटर. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान, पुढे १ मीटरवर बोनस, आणि मागे २ मीटर. बेरीज सहा.

भाचीने ६ मीटर खोलीच्या बाजूत ३.७५ वर निदान मारली आणि ४.७५ वर बोनस. म्हणजे बोनसच्या मागे उरले सव्वा मीटर. जिथे दोन मीटर हवे तिथे सव्वा! चढाई करणारीला पाऊण मीटर जास्त आत जावं लागत होतं, आणि बचाव करणाऱ्या मुली त्या सव्वा मीटरच्या बोळात गोळा होऊन उभ्या राहत होत्या. बोनस लागणार कसा?

म्हणून फोटो हातात आला की रेषा बघायच्या आधी ही बेरीज करा. मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंतचे तीन आकडे मिळवून साडेसहा आले तर आकृती पुरुषांची, सहा आले तर महिलांची. आणि तुम्ही आखणार ते अंगण कुणाचं, हे वेगळं विचारा. बेरीज यापैकी काहीच येत नसेल, तर एखादा आकडा फोटोत पुसट आलाय किंवा काढणाऱ्यानेच चुकवलाय. फलक रंगवणारे पेंटर कबड्डी खेळलेले असतातच असं नाही.

रुंदीचंही तसंच. लॉबी दोन्ही अंगणांत प्रत्येकी १ मीटरच असते, आणि ती एकूण रुंदीच्या आत धरलेली असते. पुरुषांच्या १० मीटरमध्ये दोन लॉब्या वजा केल्या की मधलं खेळायचं क्षेत्र ८ मीटर राहतं. महिलांच्या ८ मधून दोन गेले की ६. काही जण आठ मीटर खेळायचं क्षेत्र आखून त्याच्या बाहेर लॉबी मारतात. अंगण मग १० मीटर रुंद होतं आणि लांबी मात्र बाराच.

फोटोवर पट्टी ठेवून मोजायचा मोह होतो. तो टाळा. तिरका फोटो असेल तर जवळची लॉबी रुंद दिसते आणि पलीकडची दोऱ्याएवढी. फोटो अगदी समोरून काढलेला असेल तर मात्र एक झटपट पडताळणी करता येते: निदान आणि बोनस यांच्यातला पट्टा १ मीटरचा आणि लॉबीही १ मीटरची, म्हणून दोन्ही सारख्या रुंद दिसायला हव्यात. दिसत नसतील तर आकृती मापात काढलेली नाही, नुसती समजण्यापुरती आहे. अशा आकृतीतले आकडे घ्यावेत, अंतरं घेऊ नयेत.

तो 'रेडर झोन' म्हणजे कुठला भाग

बऱ्याच आकृत्यांत मध्यरेषा आणि निदान रेषा यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर 'रेडर झोन' किंवा 'चढाई क्षेत्र' असं लिहिलेलं असतं. भाचीचा पहिला प्रश्न हाच होता: चढाई करणारीने तिथेच थांबायचं का?

उलट आहे. तिथे थांबून परत आली तर ती बाद. 

निदान या शब्दाकडेच बघा. निदान म्हणजे किमान. "निदान चहा तरी घेऊन जा" म्हणतो तोच शब्द. चढाई करणाऱ्याने निदान एवढं तरी आत गेलंच पाहिजे, म्हणून ती निदान रेषा. एका चढाईला ३० सेकंद असतात. त्या वेळात, दम चालू असताना, ही रेषा एकदा तरी ओलांडावी लागते. न ओलांडता आणि कुणालाही स्पर्श न होता परतलात, तर समोरच्याला फुकटचा गुण.

मग त्या पट्ट्याला चढाई क्षेत्र का म्हणायचं? कारण बचाव करणारे सहसा तिथे उभे राहत नाहीत. ते मागे, बोनस रेषेच्या आसपास पसरतात. हा पुढचा पट्टा चढाई करणाऱ्याला हालचालीसाठी मोकळा मिळतो. तिथे तो दिशा बदलतो, हुलकावणी देतो, कोण पुढे झुकतंय ते बघतो. एवढाच त्या नावाचा अर्थ. 'झोन' म्हटल्यावर सुरक्षित जागा असल्यासारखं वाटतं, पण बचाव करणाऱ्यांनी साखळी करून पुढे येऊन तिथेच धरलं, तर ती पकड पूर्ण वैध असते.

ओलांडणं म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण बोनसलाही हीच व्याख्या लागते. पाय रेषेच्या पलीकडे जमिनीला टेकलेला हवा, आणि त्याच क्षणी अंगाचा कुठलाही भाग रेषेच्या अलीकडे जमिनीला टेकलेला नको. म्हणजे पुढचा पाय पलीकडे रोवला आणि मागचा अजून अलीकडे मातीत आहे, तर रेषा ओलांडली गेली नाही. मागचा पाय उचलावा लागतो. तो पलीकडे नेऊन टेकवायची गरज नाही, हवेत असला तरी चालतो. टीव्हीवर चढाई करणारा एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय मागे उचलून धरतो ना, तो ऐट म्हणून नव्हे.

बोनस रेषा

बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो, कुणाला न शिवता. यातला पाय उचलण्याचा भाग आत्ताच सांगितला. पण बोनसला आणखी दोन अटी आहेत, आणि त्या कुठल्याच आकृतीवर लिहिलेल्या नसतात.

पहिली अट: समोर किमान सहा बचावपटू अंगणात हवेत. सात किंवा सहा असतील तर बोनस आहे. पाच झाले की ती रेषा जमिनीवर असूनही नसल्यासारखी. अगदी अंतिम रेषेजवळ पाय टेकवून आलात तरी शून्य. फार तर निदान ओलांडल्याचं काम होईल.

दुसरी अट: बोनस स्पर्शाच्या आधी घ्यायचा. एकदा कुणाला स्पर्श झाला किंवा झटापट सुरू झाली, की त्यानंतर रेषा ओलांडून बोनस मिळत नाही. उलट क्रमाने मात्र दोन्ही मिळतात: आधी बोनस, मग स्पर्श, मग मध्यरेषा गाठली की दोन गुण. चांगल्या चढाईपटूला हा क्रम अंगवळणी पडलेला असतो.

आणि पकडला गेला तर? बोनस रेषा ओलांडल्यावर कोपऱ्यातल्या बचावपटूने, म्हणजे कोपऱ्याने, घोटा धरला आणि चढाई करणारा परत येऊ शकला नाही, तरी बोनसचा गुण त्याचाच. पकडीचा गुण समोरच्याला. फलकावर एक-एक वाढतो, पण चढाई करणारा बाद होऊन बाहेर बसतो. म्हणून एक-एक दिसलं तरी तो बरोबरीचा सौदा नाही.

नवख्यांची नेहमीची चूक कुठे होते ते मैदानावर जाऊन बघा. मुलगी डाव्या बाजूने आत येते, पुढचा पाय बोनसच्या पलीकडे टाकते, पण घाबरून वजन मागच्या पायावर ठेवते. मागचा पाय बोनस आणि निदान यांच्या मधल्या त्या एक मीटरच्या पट्ट्यात घसटत राहतो. तिला वाटतं बोनस झाला. पंच काहीच खूण करत नाही. मग वाद. फक्कीच्या अंगणात पुरावा जमिनीवरच असतो: मागच्या पायाची ओढलेली रेघ त्या पट्ट्यात स्पष्ट उमटते. तेव्हा बोनस नाहीच. निदान रेषा मात्र ओलांडली, कारण दोन्ही पाय तिच्या पलीकडे आहेत. ती चढाई वाया गेली, पण बाद व्हायचं कारण नाही.

लॉबी: स्पर्श होईपर्यंत बंद दार

लॉबीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण आकृतीत ती अंगणाच्या आतच दिसते. बाहेरची चौकट तिच्या पलीकडे असते. मग तिथे पाय पडला तर बाद का?

चढाई सुरू होते तेव्हा लॉबी अंगणात धरलेली नसते. त्या वेळी खेळायचं क्षेत्र म्हणजे मधले आठ किंवा सहा मीटर. कुणालाही स्पर्श न होता चढाई करणाऱ्याचा पाय लॉबीत पडला, तर तो बाद. बचाव करणाऱ्याचा पडला तर तोही बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या क्षणी लॉबी अंगणात सामील होते. मग झटापटीत असलेले खेळाडू तिथे जाऊ शकतात, आणि चढाई करणारा लॉबीतून पळत आपल्या बाजूला परत येऊ शकतो.

याचं कारण खेळाच्या अंगाने बघितलं तर साधं आहे. झटापटीत चार-पाच जण एकमेकांना ओढतात. सहा मीटर रुंदीत ती झटापट पुरी होत नाही, कडेला जातेच. तेव्हा तेवढ्यापुरती जागा वाढवून दिलेली आहे. स्पर्श व्हायच्या आधीच ही जागा मिळाली असती, तर चढाई करणारा कडेकडेने पळत राहिला असता आणि बचावाला त्याला कोंडता आलं नसतं.

म्हणून पंच लॉबीच्या रेषेपाशी उभा राहून नेमकं काय बघतो? पाय आधी लॉबीत पडला की स्पर्श आधी झाला. दोन्हींत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातला, चढाई करणारा उडी मारून लॉबीत गेला आणि तिथून मध्यरेषेवर पडला: हात खरंच लागला असेल तर चढाई यशस्वी आणि कोपरा बाद. हात हवेतच राहिला असेल तर चढाई करणारा लॉबीत पडला त्या क्षणीच बाद. प्रेक्षकांना दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

लॉबीच्या बाहेरची रेषा मात्र खरी हद्द. तिच्यापलीकडे जमिनीला टेकलं की बाद, अपवाद फक्त झटापटीचा. झटापट चालू असताना अंगाचा एखादा भाग बाहेर टेकला, पण दुसरा भाग अजून आत टेकलेला आहे, तर तेवढ्यावरून बाद देत नाहीत.

हांगझोऊचा तो एक तास

लॉबी किती महाग पडू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३ चा हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण, गुण २८-२८, शेवटचं मिनिटभर उरलेलं. भारताचा कर्णधार पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईला गेला. त्या चढाईत गुण मिळवला नाही तर तो आपोआप बाद होणार होता. तो कुणालाही स्पर्श न होता लॉबीत गेला, आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत गेले.

आता सांगा, गुण कुणाला?

एका वाचनानुसार पवन लॉबीत गेला त्या क्षणी चढाई संपली. तो बाद, इराणला गुण, आणि त्यानंतर कोण कुठे गेलं याला अर्थ नाही. दुसऱ्या वाचनानुसार स्पर्श झालेलाच नाही, म्हणजे लॉबी सगळ्यांनाच बंद. मग त्याच्यामागून लॉबीत शिरलेले बचावपटूही बाद. पहिलं वाचन व्यावसायिक लीगमुळे रुळलेल्या नव्या नियमाचं, दुसरं जुन्या नियमाचं. निर्णय मागेपुढे होत राहिला, दोन्ही संघ अंगणात बसून राहिले आणि खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी भारताला चार गुण आणि इराणला एक असा निकाल लागला, आणि पुढे आणखी एक गुण घेऊन भारताने सामना ३३-२९ असा जिंकला.

भाचीला मी यातून एकच काम सांगितलं. स्पर्धेला गेलीस की सामन्याआधी पंचांना विचार: चढाई करणारी स्वतःहून लॉबीत गेली आणि आमची मुलगी मागून गेली, तर तुम्ही काय देणार? हा प्रश्न विचारायला लाज वाटायचं कारण नाही. आशियाई अंतिम सामन्याच्या पंचांनाही याचं उत्तर द्यायला तास लागला होता.

फुटाणे मांडून तीन चढाया

आता हे सगळं एकत्र बघायला फोटोची छापील प्रत घ्या, नसेल तर वहीच्या पानावर अर्धं अंगण काढा. त्यावर सहा फुटाणे मांडा: दोन कोपऱ्यांत, बाकीचे मधे. हा बचाव. एक रुपयाचं नाणं ही चढाई करणारी. मधल्या काळात समोरच्या संघाच्या चढाया रिकाम्या गेल्या असं धरू.

पहिली चढाई. नाणं मध्यरेषेवरून उजवीकडे सरकतं. निदान ओलांडते, पुढचा पाय बोनसच्या पलीकडे रोवते, मागचा उचलते. समोर सहा आहेत, स्पर्श झालेला नाही, म्हणजे बोनसचा एक गुण. उजवा कोपरा घोट्यावर झेप घेतो, बोटं लागतात, पण पकड बसत नाही. आता लॉबी उघडली. ती लॉबीत उडी मारते आणि तिथून मध्यरेषा गाठते. स्पर्शाचा एक गुण. एकूण दोन. उजव्या कोपऱ्याचा फुटाणा उचला. (खाऊ नका, परत लागेल.)

दुसरी चढाई. समोर पाच. तीच मुलगी, तीच हालचाल, तेच पाऊल बोनसच्या पलीकडे. गुण शून्य. या चढाईत बोनस रेषा मेलेली आहे. निदान ओलांडली म्हणून ती बाद नाही, सुखरूप परत.

तिसरी चढाई. अजून पाच. या वेळी दोघी साखळी करून तिच्यावर चालून येतात. ती मागे सरकता सरकता कडेला जाते आणि टाच लॉबीत टेकते. कुणी हातही लावलेला नाही. ती बाद, बचावाला एक गुण. आणि गुण मिळाला म्हणून त्यांची बाद झालेली एक मुलगी परत आत येते. उचललेला फुटाणा जागेवर ठेवा. समोर पुन्हा सहा झाले.

आता पुढच्या चढाईला बोनस रेषा परत जिवंत. भाचीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रेषा तीच, पण कधी असते आणि कधी नसते!" बरोबर पकडलं तिने. फोटोत रेषा कुठे आहे ते दिसतं, ती चालू आहे की बंद हे दिसत नाही. ते दोन गोष्टींवरून ठरतं: समोर किती जण आहेत आणि पहिला स्पर्श झाला का. स्पर्श होईपर्यंत निदान ओलांडायची सक्ती आहे, बोनस मिळू शकतो आणि लॉबी बंद आहे. स्पर्श झाला की तिन्ही एकदम उलटतात: निदानची सक्ती संपते, बोनस संपतो, लॉबी उघडते. चढाई बघताना नजर रेषेवर न ठेवता त्या पहिल्या स्पर्शावर ठेवली, तर पंचाची खूण आधीच ओळखता येते. बोनसची एक खास बाब लक्षात ठेवा: स्पर्शाच्या गुणाने आपला बाद गडी परत येतो, बोनसच्या गुणाने येत नाही. पहिल्या चढाईत दोन गुण मिळाले, पण परत आणता येणारी एकच.

फक्की मारायची असेल तर

अंगण प्रत्यक्ष आखायचं असेल तर भाचीने दुसऱ्यांदा केलं तसं करा. आधी मध्यरेषा, ८ मीटर. तिच्या दोन्ही टोकांपासून काटकोनात ६-६ मीटर मागे जाऊन खुंट्या ठोका. काटकोन बरोबर आला का, हे बघायला गुण्या लागत नाही: मध्यरेषेच्या एका टोकापासून समोरच्या तिरक्या खुंटीपर्यंतचं अंतर बरोबर १० मीटर यायला हवं. सहा, आठ, दहा. महिलांच्या अंगणाची ही मोठी सोय आहे. पुरुषांच्या साडेसहा बाय दहामध्ये हेच तिरकं अंतर १२ मीटरला जेमतेम ७ सेंटिमीटर कमी येतं.

मग मध्यरेषेपासून ३ आणि ४ मीटरवर दोन्ही कडांना खुणा करा, दोरी ताणा आणि दोन्ही कडांचा एकेक मीटर सोडून निदान, बोनस मारा. शेवटी दोन्ही कडांपासून आत एकेक मीटर घेऊन लॉबीच्या रेषा. रेषा ३ ते ५ सेंटिमीटर जाड असतात. डब्यातून फक्की ओतत गेलं की वीतभर पट्टा पडतो, आणि मग पाय रेषेवर की पलीकडे यावरून रोज भांडण. दोन फळ्या बोटभर अंतर ठेवून धरा आणि मधून फक्की सोडा.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सरावात तीन मुलींनी बोनस घेतला. चौथीचा मागचा पाय घसटला होता आणि मातीत रेघ उमटली होती. त्या रेघेचा फोटोही तिने पाठवला.